नियमापुढे कारण: सातवीच्या वर्गाने लिहिलेली आचारसंहिता

शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. गाव कापूस-सोयाबीन-तुरीचं. सातवीत 31 मुलं. बहुतेक गावातलीच, सहा-सात जण कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, पायी येणारी. वर्गात बाक नाहीत, टाटपट्टी आहे. भिंतीवर आधीच्या कोणीतरी रंगवून घेतलेले बारा नियम होते: नेहमी खरे बोलावे, वर्गात शांतता राखावी, नीटनेटका गणवेश घालावा, वेळेवर यावे. एकाही नियमासमोर तो का पाळायचा हे लिहिलेलं नव्हतं. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक. भिंतीकडे कोणी पाहत नव्हतं आणि वाद रोज होत होते: पिंपातल्या पाण्यावरून, झाडण्यावरून, उशिरा येण्यावरून, एकमेकांना हसण्यावरून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांना मारणं किंवा मानसिक त्रास देणं बंद आहे, आणि ते बंदच असायला हवं. पण छडी गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही, तर नियम शिक्षकाच्या आवाजावर टांगलेले राहतात. आवाज बसला की नियमही बसतात.

वर्गाने स्वतःचे नियम लिहावेत आणि प्रत्येकासमोर कारण लिहावं, असं ठरलं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. पहिले काही दिवस पेरणीचे असल्याने वर्ग अर्धाच भरतो. तेव्हा केलेले नियम हजर असलेल्यांचे होतात, नंतर येणाऱ्यांवर लादले जातात. म्हणून जुलैअखेर हजेरी स्थिर झाल्यावरच हे काम काढलं.

मुलांना "कोणते नियम हवेत?" असं विचारायचं मुद्दाम टाळलं. तो प्रश्न विचारला की मुलं भिंतीवरची पाटीच परत करतात, कारण मोठ्यांना काय ऐकायचं असतं हे त्यांना पहिलीपासून माहीत असतं. त्याऐवजी प्रत्येकाला कागदाचे दोन तुकडे दिले आणि एवढंच लिहायला सांगितलं: गेल्या वर्षी वर्गात तुला कशाचा त्रास झाला, आणि तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाला झाला असेल तर कशाचा. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात पडल्या, मुलांनीच त्या टाटपट्टीवर पसरल्या आणि सारख्या तक्रारींचे ढीग केले. सगळ्यात मोठा ढीग हसण्याचा निघाला: वाचताना अडखळलं की हसतात, पोडावरचं बोलणं काढून दाखवतात, बापाच्या पिण्यावरून बोलतात. त्याखालोखाल पेन-पट्टी नेऊन परत न देणं, मग झाडणं फक्त मुलींकडे असणं. गणवेशाबद्दल एकही चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या प्रश्नाला कमी मुलांनी उत्तर दिलं, पण ज्यांनी दिलं त्यांच्या चिठ्ठ्या पुढे फार उपयोगी पडल्या. "मी सगळ्यात आधी उत्तर सांगून टाकतो" ही त्यातलीच एक.

पुढचा टप्पा कारणांचा, आणि वर्गाचा खरा वेळ त्यातच गेला. पाच-सहा जणांचे गट केले. प्रत्येक गटात गावातली आणि पोडावरची मुलं, मुलगे आणि मुली मिसळले. प्रत्येक ढिगासाठी एक वाक्य लिहायचं, आणि त्याचा साचा फळ्यावर दिला: "आपण असं करायचं, नाहीतर अमक्याला तमकं होतं." अमका म्हणजे वर्गातला कोणीतरी खराखुरा माणूस हवा. पहिल्या खेपेला आलेली कारणं अशी होती: कारण ते चांगलं असतं, कारण सर रागावतात, कारण शिस्त लागते, कारण मोठेपणी उपयोग होतो. साच्यात घालून पाहिली की ती गळून पडत, कारण त्यांत कोणालाच काही होत नव्हतं.

कारण तपासायला आम्ही आणखी एक प्रश्न वापरला: "उद्या सर म्हणाले की चालते, तर चालेल का?" हा प्रश्न माझा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट टुरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मुलाखतींत तो वापरला. अगदी लहान मुलंही सांगतात की शिक्षकांनी परवानगी दिली तरी दुसऱ्याला मारणं वाईटच. पण शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारण्यासारख्या गोष्टी परवानगी मिळाली तर चालतील. म्हणजे कोणाला तरी इजा होते म्हणून असलेला नियम वेगळा आणि सोयीसाठी ठरवलेला नियम वेगळा, हा फरक मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. आमच्या वर्गात "अडखळणाऱ्याला हसायचं नाही" याला हा प्रश्न लावला तेव्हा एकमुखाने उत्तर आलं: नाही चालणार. "चपला बाहेर काढायच्या" याला लावला तेव्हा वाद झाला. एका गटाने कारण लिहिलं होतं, भिंतीवर सरस्वतीचा फोटो आहे. दुसऱ्या गटाने लिहिलं, आपण खाली बसतो आणि पावसाळ्यात काळी माती टाटपट्टीवर येते, ज्याची पाळी त्याला ती खरवडावी लागते. ज्याला फोटोचा मान राखायचा आहे त्याने तो राखावा, त्याला कोणाची हरकत नव्हती. पण सगळ्यांना बांधणाऱ्या कागदावर दुसरं कारण गेलं. लगेच एकाने विचारलं, मग उन्हाळ्यात चपला चालतील का? वर्गाचं उत्तर: चिखल नसला तरी धूळ असते, म्हणून नियम राहील. पण त्याने तसं विचारणं बरोबर होतं हेही सगळ्यांनी मानलं. कारण लिहिलेलं असलं की नियम कुठपर्यंत लागू आहे हे मुलं स्वतःच मोजू लागतात.

कारणाने काय उघडं पडतं, ते पाण्याच्या नियमात दिसलं. एका गटाने लिहिलं होतं की पिंपातलं पाणी ठरलेल्या दोघांनीच काढून द्यायचं. ऐकायला नीट, स्वच्छतेचंच. साच्यात घालताना मात्र गट अडला. नाहीतर कोणाला काय होतं? "सगळ्यांचा हात लागते," एकजण म्हणाला. मग ठरलेल्या दोघांचा हात नाही का लागत? त्यावर कोणी बोललं नाही. ठरलेले दोघे कोण, हे विचारल्यावर जी नावं आली ती गावातलीच होती, आणि पोडावरची मुलं खाली पाहू लागली. तिथे भाषण करायची गरज नव्हती. कारणाचा रकाना भरता येत नव्हता आणि तो का भरता येत नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. नंतर पोडावरच्याच एका मुलीने नवं वाक्य सुचवलं आणि तेच राहिलं: "पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढायचं, पिंपात कोणीच हात बुडवायचा नाही, कारण सगळे तेच पितात आणि पावसाळ्यात पोट बिघडते." या नियमाचं कारण हातावरच्या घाणीशी आहे, हात कोणाचा आहे याच्याशी नाही. दोन आठवड्यांनी एक मुलगा दुसऱ्याला पिंपाजवळून हटकू लागला, तेव्हा तिसऱ्याने त्याला भिंतीवरचं कारण मोठ्याने वाचायला लावलं. हटकणं तिथेच संपलं. नियम नुसता असता, कारणाशिवाय, तर तोच हटकण्याचं हत्यार झाला असता.

शिक्षांबद्दल मात्र मुलांना सावरावं लागलं. स्वतःचे नियम करणारी मुलं शिक्षकापेक्षा कडक शिक्षा सुचवतात, हे ज्याने ज्याने असं काम केलं आहे त्याला ठाऊक असेल. दहा रुपये दंड, शंभर उठाबशा, दिवसभर अंगठे धरून उभं राहणं, असे आकडे पटापट आले. उठाबशा आणि अंगठे कायद्यातच बसत नाहीत, हे सरळ सांगितलं. आपण नियम करतो म्हणजे काहीही करू शकतो असं नाही, हेही कळायला हवं. दंडाला मुलांनीच उत्तर शोधलं: पैसे घरून मागावे लागतात, ज्याच्या घरी नाहीत त्याला शाळाच सोडावीशी वाटेल, आणि ज्याच्याकडे आहेत तो दहा रुपये देऊन दिवसभर हसेल. त्यापेक्षा कारणात जे नुकसान लिहिलं आहे तेच भरून द्यायचं असं ठरलं. माती आणली तर टाटपट्टी झटकायची. पेन हरवलं तर आपलं द्यायचं. उत्तर मध्येच फोडलं तर ज्याचं फोडलं त्याला पुढचा प्रश्न आधी मिळणार. या रकान्याला आम्ही भरपाई म्हटलं. कारण नीट लिहिलेलं असलं की भरपाई आपोआप सुचते. ती सुचत नसेल तर कारण अजून धूसर आहे असं समजायचं. ही खूण मला या साऱ्या कामात सगळ्यात उपयोगाची वाटली.

मुलांनी एक नियम माझ्यासाठीही लिहिला: तास चालू असताना सरांनी फोनवर बोलायचं नाही, कारण तास तुटला की मागे दंगा होतो आणि रागावणं आमच्या वाट्याला येतं. केंद्रशाळेतून कधीही माहिती मागवली जाते आणि ती लगेच द्यावी लागते, हे मी त्यांच्यापुढे ठेवलं. मग कारण पाहून नियमाला जोड दिली गेली: घ्यावाच लागला तर आधी फळ्यावर काम लिहून द्यायचं. हा नियम नसता तर बाकीचे नियम पुन्हा भिंतीवरच्या पाटीसारखेच झाले असते, असं माझं मत आहे.

ऑगस्टअखेर, पोळ्याच्या आसपास, सात नियम पुठ्ठ्यावर लिहून लागले. रकाने चार: नियम, कारण, भरपाई, आणि बदलल्याची तारीख. चौथा रकाना तेव्हा रिकामा होता. सातातला एक नियम उशिराचा होता: "परिपाठ सुरू झाल्यावर आलं तर दाराशी थांबायचं आणि परिपाठ संपल्यावर विचारून आत यायचं, कारण मधेच कोणी आलं की सगळे वळून पाहतात, बोलणाऱ्याचं बोलणं तुटते." सगळ्या कसोट्यांना उतरलेला, हात वर करून मंजूर झालेला नियम. खरी परीक्षा त्याचीच झाली.

ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी झाली आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात सुरू झाली. बाया वेचाईला जातात. मग घरी सातवी-आठवीतली मुलगी असली की सैपाक तिच्याकडे येतो, लहान भावंडाला अंगणवाडीत पोचवणंही तिच्याकडेच येतं, आणि अंगणवाडी उघडल्याशिवाय तिला निघता येत नाही. वर्गातल्या चार-पाच मुली रोज उशिरा येऊ लागल्या. त्या दाराशी उभ्या राहत. पंधरा दिवसांनी उशिरा येणाऱ्यांची संख्या एकदम कमी झाली.

नियम यशस्वी झाला, असं वाटण्याची हीच जागा. पण उशिराच्या नोंदी आणि हजेरी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा दुसरंच दिसलं. उशिराच्या नोंदी ज्या मुलींच्या थांबल्या होत्या, त्याच मुलींच्या नावापुढे गैरहजेरी वाढली होती. सोमवार-मंगळवार दाराशी उभं राहणं, बुधवारपासून घरीच. उशीर एकटा मोजला तर नियम चांगला दिसतो. उशीर आणि गैरहजेरी एकत्र मोजली तर तो मुलींना शाळेबाहेर ढकलतो आहे हे कळतं. शिस्तीचा कोणताही नियम तपासताना असा जोडीचा आकडा शोधला पाहिजे. हसणं कमी झालं असेल तर हात वर करणं वाढलं का, दंगा कमी झाला असेल तर प्रश्न विचारणंही कमी झालं का, हे पाहायला हवं.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी वर्गसभा घेतली आणि आलेल्या मुलींपैकी एकीला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "सर, पाच-दहा मिन्टं उशीर होते तं दारात उभं राहा लागते. सगळे पायतेत. मंग यिऊनच काय करू?" त्यावर तापलेल्या मुलांनी लगेच नियम रद्द करायला सांगितलं. दुसऱ्या बाजूने प्रश्न आला: मग जे कंचे खेळत बसतात म्हणून उशिरा येतात, त्यांनाही मोकळीक का? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. काही जण म्हणाले, घरकामामुळे उशीर झाला तर माफ, खेळामुळे झाला तर नाही. पण मग रोज दाराशी प्रत्येकीला घरचं सांगावं लागणार, आणि खरं-खोटं ठरवणार कोण? दाराशी उभं राहण्यापेक्षा ते वाईट.

इथे सगळे पुठ्ठ्यावरच्या कारणाकडे वळले. कारणात उशीर वाईट असं लिहिलेलंच नव्हतं. बोलणाऱ्याचं बोलणं तुटतं, एवढंच होतं. मग ते तुटतं कशाने? मुलांनी आठवून आठवून सांगितलं: दाराशी कोणी उभं असलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे, मग ती "सर, आत येऊ का?" विचारते, मी "ये" म्हणतो, पुढच्या रांगेतून वाट काढत ती जागेवर जाते, शेजारणीला विचारते कोणतं पान. म्हणजे बोलणं तुटत होतं ते दाराशी थांबवण्याने आणि विचारून येण्यानेच. नियम स्वतःच्याच कारणाच्या विरुद्ध वागत होता.

तारखेचा रकाना त्या दिवशी पहिल्यांदा भरला. नवं वाक्य: "उशीर झाला तर न विचारता मागच्या दाराने यायचं आणि दाराजवळच्या मोकळ्या जागेत बसायचं. शेजाऱ्याने बोटाने पान दाखवायचं." कारण तेच, अक्षरही न बदलता. भरपाईत लिहिलं की सुटलेला भाग मधल्या सुट्टीत, खिचडी झाल्यावर, पान दाखवणाऱ्याने सांगायचा. कंचेवाल्यांचं काय? तेही याच दाराने येतील, असं ठरलं, कारण त्यांच्यामुळे होणारा त्रासही तोच. त्यांचं उशिरा येणं हा वेगळा विषय, तो त्यांच्या घरच्यांशी मी बोलायचा. वर्गाच्या नियमाने तो सोडवायचा नाही. दाराजवळची जागा कायम मोकळी ठेवायची म्हणून मागच्या रांगेतल्या दोन मुलांनी आपली जागा सोडली.

डिसेंबरात त्या मुली पुन्हा येऊ लागल्या, रोज उशिराच, पण येऊ लागल्या. एक मुलगी आली नाही. तिच्या घरी बाळ अंगणवाडीत जाण्याच्या वयाचंही नव्हतं. तिथे कोणताही वर्गनियम पोचत नाही. तिची गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीत मांडली. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्यांतल्या एकीने तिच्या आजीला समजावलं, तेव्हा ती आठवड्यातले काही दिवस तरी येऊ लागली. मुलांच्या आचारसंहितेकडून कुटुंबाच्या अडचणी सुटतील अशी अपेक्षा ठेवणं मुलांवरच अन्याय आहे. ती एवढंच करू शकते की त्या अडचणीची शिक्षा वर्गात पुन्हा होऊ नये.

हे काम दुसरीकडे करणाऱ्यांनी दोन जागी सांभाळावं. एक, मॉनिटर. नियम लागले की मॉनिटर फळ्यावर नावं लिहू लागतो आणि मुलांचा कागद शिक्षकाचा कागद होतो. आमच्या वर्गाने ठरवलं की दुसऱ्याला नियम दाखवणाऱ्याने आधी त्याचं कारण वाचायचं. यामुळे निम्म्या तक्रारी तोंडातच विरतात, कारण वाचता वाचता तक्रार करणाऱ्यालाच कळतं की कोणाला काही झालेलं नाही. दुसरी जागा, पाठांतर. महिन्यातून एकदा एखाद्या मुलाला विचारावं की हा नियम का आहे. त्याने पुठ्ठ्यावरचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं तर काळजी करावी. त्याने स्वतःच्या शब्दांत, एखादी घडलेली गोष्ट सांगत उत्तर दिलं तर नियम जिवंत आहे. आमच्याकडे पेन-पट्टीचा नियम या प्रश्नात नापास झाला. कोणालाच गोष्ट आठवेना, कारण मुलांनी तोवर कोपऱ्यातल्या डब्यात जादा पेनं ठेवायला सुरुवात केली होती. फेब्रुवारीत वर्गाने तो नियम काढून टाकला.

हसण्याचा नियम मात्र अर्धाच लागू पडला. वर्गात वाचताना हसणं जवळपास थांबलं. अडखळणारी मुलं मोठ्याने वाचायला उभी राहू लागली. पण पोडावरच्या मुलांच्या बोलण्याची नक्कल शाळा सुटल्यावर, रस्त्याने चालू राहिली. सभेत दोन मतं होती. काहींच्या मते पुठ्ठा वर्गाचा आहे, रस्त्याला तो लागू नाही. पोडावरचा एक मुलगा म्हणाला की रस्त्यावर हसलेलं तो वर्गात घेऊन येतो, आणि मग दिवसभर बोलत नाही. म्हणजे कारणात लिहिलेलं नुकसान वर्गातच होतं. त्याचं म्हणणं मान्य झालं आणि नियमात "शाळेत आणि येता-जाता" हे शब्द वाढले. भरपाई काय, यावर एकमत झालं नाही. माफी मागायला लावली तर ती तोंडदेखली होते, असं त्याच मुलाचं म्हणणं होतं. तो रकाना वर्षअखेरपर्यंत रिकामाच ठेवायचं वर्गाने ठरवलं, आणि रस्त्याने गावातली दोन मुलं रोज पोडाच्या फाट्यापर्यंत सोबत चालतील, एवढी सोय तूर्त केली.